एका ओळीचा निकाल आणि नव्वद दिवसांची मुदत

गेल्या वर्षाआधीच्या एप्रिलची, म्हणजे २०२४ सालची गोष्ट. इंदूरच्या आमच्या घरी शेजारच्या काकू एक लखोटा घेऊन आल्या. काकूंचे यजमान केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले होते; पुढे ते वारले. काकूंना कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू झाले, पण ते जुन्या दराने. सुधारित दराची थकबाकी मिळावी म्हणून त्यांनी दिलेला अर्ज तीन वर्षे कार्यालयात पडून होता. काऊंटरवर विचारले की एकच उत्तर येई, "प्रकरण विचाराधीन आहे." शेवटी कोणीतरी सुचविले म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील केले. त्या अपिलाचा निकाल त्या लखोट्यात होता.

"भाऊ, एवढे वाचून सांगा. मला तर यात काही लिहिलेलेच दिसत नाही," काकू म्हणाल्या.

काकूंचे म्हणणे शब्दशः खरे होते. वर कार्यालयाचे नाव, खाली सही-शिक्का आणि मध्ये हिंदीत दोन वाक्ये. त्यांचा आशय असा : 'जनमाहिती अधिकाऱ्याने दिलेले उत्तर नियमानुसार योग्य आहे. सबब अपील फेटाळण्यात येते.' काकूंनी आपल्या अपिलात तीन मुद्दे मांडले होते. त्यांपैकी एकाचाही उल्लेख त्यात नव्हता.

अशी पत्रे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आली असतील, आणि 'आता वरूनही नकार आला, संपले' असे समजून ती कपाटात गेली असतील. वस्तुतः असा निकाल म्हणजे शेवट नव्हे. निकालात कारणे नसणे हाच पुढच्या अपिलाचा सर्वांत भक्कम आधार होऊ शकतो. काकूंचे दुसरे अपील आम्ही त्यांच्याबरोबर बसून लिहिले. त्या अनुभवावरून ही रीत येथे सविस्तर देत आहोत.

कारण देणे हे कोणाचे काम?

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ सालचा. अर्ज नाकारायचा असेल तर जनमाहिती अधिकाऱ्याने तीन गोष्टी कळविल्याच पाहिजेत, असे त्याच्या कलम ७(८) मध्ये म्हटले आहे : नाकारण्याची कारणे, अपील करण्याची मुदत आणि अपील कोणाकडे करावयाचे त्याचा तपशील. काकूंना आलेल्या पहिल्या उत्तरात 'कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही' एवढेच लिहिले होते. हा 'ज' म्हणजे इंग्रजी प्रतीतील 'एच'. जी माहिती दिल्याने तपासाच्या, अपराध्याला पकडण्याच्या किंवा खटल्याच्या कामात अडथळा येईल, ती या खंडाखाली नाकारता येते. आता एका विधवेच्या थकबाकीच्या अर्जात कसला तपास आणि कोण अपराधी? ते उत्तरात कोठेच नव्हते.

कलमाचा आकडा लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे, हा या विषयाचा गाभा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये नेमके याच खंडाविषयी स्पष्ट केले की, तपास चालू आहे एवढ्याने माहिती रोखता येत नाही. ती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने समाधानकारक कारणांनी दाखविले पाहिजे.

प्रथम अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यावर तर याहून मोठी जबाबदारी आहे. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने ९ जुलै २००७ रोजी काढलेल्या परिपत्रकात म्हटले आहे की, अपिलाचा निर्णय हे अर्धन्यायिक स्वरूपाचे काम असून निर्णय का घेतला याचे समर्थन आदेशातच दिसले पाहिजे. इंग्रजीत त्याला 'स्पीकिंग ऑर्डर' म्हणतात, म्हणजे बोलका आदेश. काकूंच्या हातातला आदेश मुका होता.

याला आणखी एका तरतुदीची जोड आहे. अपिलाच्या कामात माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर असतो. हे कलम १९(५). म्हणजे माहिती का हवी हे काकूंनी पटवून द्यावयाचे नव्हते, ती का द्यावयाची नाही हे कार्यालयाने पटवून द्यावयाचे होते. पहिल्या अपिलात ते झाले नाही. दुसरे अपील उभे राहते ते येथे.

दिवसांचा हिशेब

लखोटा पाहिल्यावर आम्ही प्रथम त्याच्यावरचा टपालाचा शिक्का पाहिला. आदेशावर १५ एप्रिल ही तारीख होती, पण तो काकूंच्या हाती २२ एप्रिलला पडला. दुसऱ्या अपिलाची मुदत नव्वद दिवसांची असून, आदेश प्रत्यक्ष मिळाला त्या दिवसापासून ती मोजावयाची. २२ एप्रिलपासून नव्वद दिवस म्हणजे २१ जुलै. लखोटा फेकून दिला असता तर हा पुरावाच गेला असता. म्हणून पाकीट नेहमी आदेशाला टाचून ठेवावे.

पहिल्या अपिलावर आदेशच आला नाही तर काय? त्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. कारणे लेखी नोंदवून ही मुदत एकूण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबविता येते. काकूंचे पहिले अपील २० मार्चला कार्यालयात पोचले होते. उत्तर आलेच नसते तर १९ एप्रिलला तीस दिवस पूर्ण झाले असते आणि तेथून नव्वद दिवस, म्हणजे १८ जुलैपर्यंत, दुसरे अपील करणे सर्वांत सुरक्षित ठरले असते. मुदत उलटली तरी दार पुरते बंद होत नाही. पुरेसे कारण दिल्यास आयोग अपील दाखल करून घेऊ शकतो. पण कारण खरे व कागदाने दाखविता येण्याजोगे हवे, जसे रुग्णालयाचा दाखला.

कोणत्या दारी जावे

दुसरे अपील माहिती आयोगाकडे होते. टपाल, रेल्वे, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँक अशा केंद्राच्या कार्यालयांसाठी नवी दिल्लीचा केंद्रीय माहिती आयोग. नगरपालिका, तहसील, राज्याची शाळा वा वीज मंडळ यांसाठी त्या त्या राज्याचा आयोग. इंदूर-ग्वाल्हेरकरांचा राज्य आयोग भोपाळला, वडोदेकरांचा गांधीनगरला, बेळगावकरांचा बंगळूरला, गोमंतकीयांचा पणजीला. चुकीच्या आयोगाकडे गेलेले अपील परत येते आणि नव्वदांतले दिवस वाया जातात.

शुल्कही राज्यागणिक वेगळे. केंद्रीय आयोगाकडे अपिलाला शुल्क नाही. महाराष्ट्रात वीस रुपये आहेत. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला पन्नास आणि दुसऱ्याला शंभर. ज्या राज्याचे कार्यालय त्याच राज्याचे नियम पाहावेत. पुण्याच्या भावाने सांगितले म्हणून भोपाळला वीस रुपयांचे तिकीट लावून चालत नाही.

भाषेचा प्रश्न आपल्या घरांना विशेष जवळचा. कलम ६(१) प्रमाणे मूळ अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज जेथे करावयाचा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. त्यामुळे मराठी मातृभाषा असली तरी इंदूरला हिंदी व बेळगावला कन्नड वा इंग्रजी वापरणे शहाणपणाचे. नाहीतर माहितीचा वाद बाजूला राहून भाषेचाच वाद सुरू होतो. काकूंचा सर्व पत्रव्यवहार हिंदीत होता, तसाच आम्ही ठेवला.

अपील लिहिताना

काकूंना प्रथम रागाचे पत्र लिहावयाचे होते. तीन वर्षांच्या फेऱ्या, काऊंटरवरच्या बाईंचे बोलणे, सारे त्यात यावे असे त्यांना वाटत होते. आम्ही त्यांना सांगितले, "काकू, हे सारे खरे आहे, पण आयोग एकच प्रश्न पाहणार : मागितलेला कागद द्यावयास हवा होता की नाही?" त्यांनी ते मानले.

आम्ही मूळ अर्ज समोर ठेवला. त्यात तीन गोष्टी मागितल्या होत्या : थकबाकीचा अर्ज आल्यापासून फाईल कोणत्या तारखेला कोणाकडे गेली त्याच्या नोंदीची प्रत, फाईलवरील टिपणांच्या प्रती आणि या प्रकरणी लेखा शाखेशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. मागणी उत्तम होती, कारण तिन्ही गोष्टी कार्यालयात तयार असलेले कागद होते. 'माझे काम का झाले नाही?' असा प्रश्न त्यात नव्हता. जी माहिती कागदावर अस्तित्वात आहे तीच मागता येते. खुलासा वा मत तयार करून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे. तसेच दुसऱ्या अपिलात चौथी, नवी मागणी घालता येत नाही. काकूंना यजमानांच्या सेवापुस्तकाची प्रतही हवी होती. ती वेगळ्या अर्जाने मागावी असे ठरले.

मग अपिलाची कारणे क्रमाने लिहिली. ती साधारण अशी होती :

'१. प्रथम अपील प्राधिकाऱ्यांच्या आदेशात माझ्या अपिलातील तिन्ही मुद्द्यांपैकी एकाचाही विचार केलेला नाही. आदेशाला कारणे नाहीत.

२. कलम ८(१)(ज) चा आधार घेतला आहे. परंतु कोणता तपास, कोणाविरुद्ध, केव्हापासून चालू आहे आणि मागितलेल्या प्रतींमुळे त्याला अडथळा कसा येईल, हे मूळ उत्तरात नाही व अपिलाच्या आदेशातही नाही.

३. माहिती माझ्या स्वतःच्या अर्जासंबंधीची आहे. कलम १९(५) प्रमाणे नकाराचे समर्थन करण्याचा भार जनमाहिती अधिकाऱ्यावर आहे व तो पार पाडला गेलेला नाही.

४. एखादा भाग खरोखरच देण्याजोगा नसेल तर तेवढा वगळून उरलेला भाग कलम १० प्रमाणे देता आला असता. तसाही विचार झालेला नाही.'

याउपर एक शब्द वाढविला नाही. आदेशात कारणे नाहीत एवढेच लिहून थांबू नये, हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेवढेच लिहिले तर आयोग अनेकदा प्रकरण त्याच अधिकाऱ्याकडे परत पाठवितो आणि 'आता कारणांसह आदेश द्या' असे सांगतो. मग कारणे येतात, पण नकार तोच राहतो आणि आपण वर्षभराने पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून दुसरे, तिसरे व चौथे कारण आवश्यक. त्यांतून माहिती देण्याजोगीच आहे हे आयोगाला दिसते. काकूंच्या विनंतीतही आम्ही ते स्पष्ट लिहिले : 'प्रकरण परत न पाठविता आयोगानेच गुणवत्तेवर निर्णय द्यावा व तिन्ही मुद्द्यांवरील प्रती विहित दिवसांत देण्याचा आदेश व्हावा.'

दंडाच्या मागणीविषयी काकूंचा आग्रह होता. "त्या वरच्या साहेबांना दंड झाला पाहिजे," असे त्या म्हणत. येथे कायद्याची मर्यादा सांगणे भाग पडले. कलम २० चा दंड, दिवसाला २५० रुपये व जास्तीत जास्त २५,००० रुपये, हा जनमाहिती अधिकाऱ्यावर बसतो. प्रथम अपील अधिकाऱ्यावर दंडाची तरतूद नाही. ज्याने मुका आदेश काढला तोच दंडातून सुटतो, ही या कायद्यातील उणीवच म्हणावयाची. जनमाहिती अधिकाऱ्याने वाजवी कारणाविना माहिती नाकारली असल्यास त्याला नोटीस द्यावी, एवढीच विनंती आम्ही ठेवली.

अशा वेळी काही मंडळी अपिलाऐवजी कलम १८ खाली आयोगाकडे तक्रार करतात. तीही होऊ शकते; परंतु तक्रारीवर दंड होईल, माहिती देण्याचा आदेश होणार नाही, असा निर्णय मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये दिला आहे. ज्याला कागद हवा आहे त्याने कलम १९(३) खाली अपीलच करावे.

जोडावयाचे कागद

केंद्राच्या २०१२ च्या नियमांत कागदांची यादी दिली आहे : मूळ अर्ज, त्याचे उत्तर, पहिले अपील, त्यावरील आदेश, ज्यांचा आपण आधार घेतो ते इतर कागद आणि या सर्वांची अनुक्रमणिका. आम्ही प्रत्येक पानावर क्रमांक घातला आणि काकूंनी प्रत्येक प्रतीवर 'सत्य प्रत' लिहून सही केली. कागद अपुरे असले तर अपील त्रुटी दाखवून परत येऊ शकते. अनुक्रमणिका हा क्षुल्लक वाटणारा कागद बहुधा राहून जातो. अपिलाची एकेक प्रत कार्यालयातील दोन्ही अधिकाऱ्यांना रजिस्टरने पाठविली आणि त्या पावत्याही जोडल्या. १० मे रोजी जाडजूड पाकीट दिल्लीला गेले. ज्यांच्या घरी मुले संगणकावर काम करतात त्यांना आयोगाच्या संकेतस्थळावरूनही अपील दाखल करता येते.

सुनावणी

यानंतर वाट पाहणे आले. दुसऱ्या अपिलाचा निर्णय किती दिवसांत द्यावा याला कायद्यात मुदत नाही, आणि आयोगांपुढे ढीग मोठा असतो. काकूंना नोटीस आली ती अकरा महिन्यांनी, मार्च २०२५ अखेर. दिल्लीला जाण्याची गरज नव्हती; जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी संगणक केंद्रात बसून पडद्यावरून बोलावयाचे होते. स्वतः जाणे शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी पाठविता येतो. वकील लागतोच असे नाही.

सुनावणी जेमतेम दहा मिनिटे चालली. आम्ही काकूंना एका कागदावर तीनच ओळी लिहून दिल्या होत्या : काय मागितले, कोणते कारण दिले, त्या कारणाला आधार काय. काकूंनी त्या वाचल्या. मग आयुक्तांनी कार्यालयाच्या प्रतिनिधीला विचारले, "कोणता तपास चालू आहे?" प्रतिनिधीने फाईल उलटली, पुन्हा उलटली आणि सांगितले की तसा तपास नाही, कागदांची पडताळणी बाकी आहे. पडताळणी म्हणजे तपास नव्हे, हे आयुक्तांनी तेथेच नोंदविले. पंधरा दिवसांत तिन्ही प्रती द्याव्यात असा लेखी आदेश पुढे टपालाने आला.

प्रती आल्या तेव्हा तीन वर्षांचे कोडे एका पानावर उलगडले. लेखा शाखेने शेरा मारला होता : सेवापुस्तकात कर्मचाऱ्याचे नाव वडिलांच्या नावासह आहे, मृत्यूच्या दाखल्यात केवळ नाव व आडनाव आहे, दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रमाण मागवावे. आपली तीन पदांची नावे आणि येथली दोन पदांची नावे, यांतून किती घरे अडकली असतील कोण जाणे! शेरा योग्यच होता, पण तो काकूंना कळविण्याचे पत्र कोणी काढलेच नव्हते. काकूंनी शपथपत्र करून दिले आणि फाईल हलली.

आदेशानंतर

आयोगाचा आदेश बंधनकारक असतो. दिलेल्या मुदतीत प्रती न आल्यास त्याच आयोगाकडे आदेशाचे पालन झाले नाही असे प्रकरणाचा क्रमांक घालून कळवावे. आयोगानेच अपील फेटाळले तर पुढे तिसरे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट अर्ज एवढाच मार्ग उरतो, आणि त्याला खर्च आहे.

एक सावधगिरीची सूचनाही द्यावयास हवी. काकूंना 'तपास' हे कारण मिळाले. अनेकांना 'वैयक्तिक माहिती' हे मिळते, म्हणजे कलम ८(१)(ञ). नोव्हेंबर २०२५ पासून हा खंड बदलला असून पूर्वी त्यात असलेल्या अटी गेल्या आहेत. त्यामुळे दुसऱ्या व्यक्तीची माहिती मागणाऱ्याचे काम कठीण झाले आहे. तरी कलम ८(२) कायम आहे : माहिती उघड करण्यातले सार्वजनिक हित संभाव्य हानीहून मोठे असेल तर ती देता येते. तेव्हा अशा नकाराविरुद्ध अपील करताना ते हित कोणते, हे आपणच पहिल्या अपिलापासून स्पष्ट लिहावे. अधिकाऱ्याने त्याचा विचार न करता एका ओळीत अपील फेटाळले, तर तो मुद्दा आयोगापुढे आपल्या बाजूने उभा राहतो.

काकूंची थकबाकी गेल्या दिवाळीपूर्वी जमा झाली. तो एका ओळीचा आदेश त्यांनी फाडला नाही. पाकिटासकट, टपालाच्या शिक्क्यासकट तो अजून त्यांच्या कपाटात आहे. "याच्यावर तारीख होती म्हणून जमले," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगतात.